कव्हर स्लाइडच्या दोन हुकांची चाचणी कशी घ्यायची आणि आकडे कसे वाचायचे

इन्स्टाग्रामवर माहितीचे कॅरोसेल टाकणाऱ्या नव्या माणसाचा सगळा जीव आतल्या स्लाइडमध्ये असतो. कव्हरवरची ओळ शेवटच्या पाच मिनिटांत लिहिली जाते, आणि वाचक आत शिरणार की पुढे सरकणार हे तीच ओळ ठरवते. म्हणून एकाच कॅरोसेलसाठी दोन हुक लिहून त्यांची तुलना करायची पद्धत इथे सांगतो. हुक म्हणजे कव्हरवरचं ते वाक्य, ज्याच्यामुळे बोट डावीकडे सरकतं. या चाचणीत आकडे गोळा करणं सोपं असतं. चुका होतात त्या आकड्यांचा अर्थ लावताना, म्हणून त्या भागावर जास्त वेळ थांबणार आहे.

उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत घेऊ : महाराष्ट्रातला घराचा भाडेकरार, म्हणजे ज्याला आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो तो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ११ महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, असं अजूनही खूप जण धरून चालतात. कॅरोसेलच्या आत हा नियम, लागणारी कागदपत्रं, मुद्रांक शुल्काचा हिशेब आणि ऑनलाइन नोंदणीची पद्धत आहे असं समजा.

दोन हुक खरोखर वेगळे हवेत

'भाडेकरार करताना लक्षात ठेवायच्या ६ गोष्टी' आणि 'भाडेकरार करताय? या ६ गोष्टी विसरू नका' हे दोन हुक नाहीत. तो एकच हुक दोनदा लिहिलेला आहे. त्यांची तुलना करून एखाददुसऱ्या टक्क्याचा फरक मिळेल आणि त्यातून काहीच शिकता येणार नाही. दोन हुकांनी वाचकाला आत यायची दोन निराळी कारणं दिली पाहिजेत. आपल्या विषयात ती अशी घेऊ :

हुक अ : 'भाडेकरार करताना लक्षात ठेवायच्या ६ गोष्टी'

हुक ब : '११ महिन्यांचा भाडेकरारही नोंदवावाच लागतो'

अ यादीचं आश्वासन देतो. आत आलात तर कामाच्या सहा गोष्टी मिळतील, एवढंच तो सांगतो. ब मात्र वाचकाच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या समजुतीलाच हात घालतो. आता दोघांमध्ये जो फरक दिसेल त्याला काही अर्थ असेल, कारण तो यादी आणि धक्का यांच्यातला फरक असेल.

हुक सोडून बाकी सगळं तंतोतंत सारखं ठेवा. पार्श्वभूमी, रंग, फाँट, अक्षरांचा आकार, आतल्या सगळ्या स्लाइड, कॅप्शन, हॅशटॅग यांतलं काहीही बदलायचं नाही. कॅप्शनची पहिली ओळ विशेष सांभाळा. फीडमध्ये ती कव्हरच्या खालीच दिसते आणि दुसऱ्या हुकासारखंच काम करते. ब ची पोस्ट टाकताना कॅप्शनही धारदार केलंत, तर ब कशामुळे जिंकला हे कधीच कळणार नाही.

मराठीत लिहिताना एक गोष्ट आधी तपासा. १०८० × १३५० पिक्सेलच्या कव्हरवर मोठं दिसणारं वाक्य प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये नखाएवढं होतं. 'नोंदवावाच' किंवा 'मुद्रांकशुल्काबद्दल' असे लांब शब्द दोन ओळींत तुटतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. दोन्ही कव्हरं फोनवर लहान करून पाहा आणि दोन्ही सारख्याच सहजतेने वाचता येतात याची खात्री करा. एक हुक तीन ओळींत आणि दुसरा पाच ओळींत बसत असेल, तर तुम्ही हुकाची नाही, अक्षरांच्या आकाराची चाचणी घेत आहात.

चाचणी कशी लावायची

आधी खातं प्रोफेशनल करून घ्या, कारण साध्या खात्यावर इनसाइट्स दिसत नाहीत आणि बदल करण्याआधीच्या पोस्टचे आकडे नंतरही मिळत नाहीत.

अडचण ही की कॅरोसेल फुकट टाकताना, अर्ध्या लोकांना अ आणि अर्ध्यांना ब दाखव, असं इन्स्टाग्रामला सांगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, आधी फक्त फॉलोअर नसलेल्यांना दाखवून पाहायच्या ट्रायल रील्स आल्या, पण त्या नावाप्रमाणे रीलसाठी. मेटाच्या जाहिरातींच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये मात्र A/B test ची सोय आहे. तिथे प्रेक्षकांचे दोन गट पडतात आणि एका माणसाला एकच आवृत्ती दिसते. हाताशी थोडे पैसे असतील तर सगळ्यात स्वच्छ उत्तर तिथेच मिळतं. तिथे एक गोष्ट पाहा : जास्त चालणारी कार्डं, म्हणजे जाहिरातीतल्या स्लाइड, आपोआप पुढे आणण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर तुमचं कव्हर कव्हरच्या जागी राहणारच नाही.

पैसे घालायचे नसतील तर दोन टप्प्यांत काम करावं लागतं. पहिला टप्पा स्टोरीचा, दुसरा पोस्टचा.

स्टोरीचा टप्पा स्वाइपसाठी आहे. स्वाइपचा दर म्हणजे कव्हर पाहिलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या स्लाइडवर गेले ते प्रमाण. तुमच्या खात्यात कॅरोसेलचे स्लाइडनिहाय आकडे दिसत असतील तर ते थेट वापरा. नसतील तर कव्हर आणि दुसरी स्लाइड एकापाठोपाठ एक अशा दोन स्टोऱ्या म्हणून टाका. त्या दिवशी त्यांच्या आधी दुसरी कुठलीही स्टोरी चालू नको, कारण आधीच्या स्टोरीला कंटाळून गेलेला माणूस तुमच्या कव्हरपर्यंत येतच नाही. स्टोरी ही कॅरोसेलची हुबेहूब जागा घेत नाही, पण कोणतं वाक्य माणसाला थांबवतं याचा अंदाज त्यातून चांगला येतो.

इथे एक फसगत होते. पुष्कळ जण दुसऱ्या स्टोरीचे व्ह्यूज भागिले पहिल्या स्टोरीचे व्ह्यूज असा हिशेब करतात. पण फोटोची स्टोरी काही सेकंदांनी आपोआप पुढे सरकते. चहा ढवळत नुसता फोन धरून बसलेला माणूसही दुसऱ्या स्टोरीवर पोचतो. त्यामुळे कोण पुढे गेलं यापेक्षा कव्हरवरूनच कोण निघून गेलं हे बघा. पहिल्या स्टोरीच्या इनसाइट्समध्ये Next story आणि Exited हे दोन आकडे असतात. पहिला आकडा तुम्हाला ओलांडून दुसऱ्या खात्याच्या स्टोरीवर गेलेल्यांचा, दुसरा स्टोऱ्या बंद करून गेलेल्यांचा. दोन्हींची बेरीज म्हणजे कव्हरने गमावलेली माणसं.

दुसऱ्या टप्प्यात तेच कॅरोसेल दोन वेळा पोस्ट करायचं, एकदा अ कव्हर लावून आणि चार ते सहा आठवड्यांनी ब कव्हर लावून. वार आणि वेळ तीच ठेवा. मधे गणपती किंवा दिवाळीचा आठवडा आला तर तो टाळा. विषयाचा हंगामही पाहावा लागतो. पुण्यात कॉलेजं सुरू होण्याच्या सुमारास खोल्या शोधणाऱ्यांची गर्दी असते. अ एप्रिलमध्ये आणि ब जूनमध्ये टाकलात तर जूनच्या पोस्टला गरजू वाचक आपसूक जास्त मिळतात आणि श्रेय ब ला जातं. दोन्हींपैकी कुठलीही पोस्ट बूस्ट करू नका.

आता क्रमाचा प्रश्न. दुसऱ्यांदा येणाऱ्या हुकाला तोटा असतो, कारण तुमच्या काही फॉलोअर्सनी तो मजकूर आधीच पाहिलेला असतो. हा तोटा पूर्ण घालवता येत नाही, पण कामाला लावता येतो. तुम्हाला जो हुक जिंकेल असं मनातून वाटतं, तो दुसऱ्यांदा टाका. शिळ्या विषयावरही तो जिंकला तर त्या निकालावर विसंबायला हरकत नाही. पहिला जिंकला तर मात्र लगेच काही ठरवू नका. दुसऱ्या एखाद्या विषयावर तसेच दोन प्रकारचे हुक उलट्या क्रमाने लावून पाहा. स्टोरीच्या टप्प्यातही हाच क्रम ठेवा आणि दोन स्टोऱ्यांमध्ये आठवडाभर जाऊ द्या.

आकडे लिहून घेताना

प्रत्येक पोस्टचे आकडे दोनदा टिपा, ४८ तासांनी आणि ७ दिवसांनी. पोस्टखालच्या View insights मध्ये जाऊन किती खात्यांपर्यंत पोस्ट पोचली तो आकडा, सेव्ह, शेअर, आणि त्या पोचलेल्यांत फॉलोअर किती टक्के होते, एवढं एका वहीत किंवा शीटमध्ये लिहा. लाइक लिहायची असेल तर लिहा, पण हुक ठरवायला तिचा उपयोग फारसा होत नाही. लोक ओळखीपोटीही लाइक करतात.

सेव्ह आणि शेअर नेहमी पोचलेल्या खात्यांच्या प्रमाणात बघायचे. नुसते ४० सेव्ह म्हणजे काहीच नाही. ते १,००० लोकांत मिळाले की १०,००० लोकांत, यावर सगळं अवलंबून आहे.

उदाहरणातले आकडे मी फक्त हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा स्टोरीत अ चं कव्हर ४२० जणांनी पाहिलं आणि ९७ जण तिथूनच निघून गेले. ब चं कव्हर ४१० जणांनी पाहिलं आणि ६१ जण गेले. म्हणजे अ ने २३ टक्के माणसं गमावली, ब ने १५ टक्के. पोस्टचे ७ दिवसांचे आकडे असे :

अ : पोहोच १,८४०, सेव्ह ४८, शेअर १२, फॉलोअर ७१ टक्के.

ब : पोहोच १,९१०, सेव्ह ३१, शेअर ३४, फॉलोअर ५८ टक्के.

दरांत मांडलं तर अ चे सेव्ह २.६ टक्के आणि ब चे १.६ टक्के. शेअर मात्र अ चे ०.७ टक्के आणि ब चे १.८ टक्के. पहिल्या नजरेला वाटेल की सेव्हसाठी अ चांगला, शेअरसाठी ब चांगला, हिशेब बरोबरीत सुटला. तसं नाही.

फरक खरा की योगायोगाचा

लहान खात्यांवर बरेच 'निकाल' हे निव्वळ योगायोग असतात. एखादी मैत्रीण ऑनलाइन होती, एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने चार जणांना पाठवलं, की आकडा हलतो. यासाठी एक साधी कसोटी आहे. दोन्ही पोस्टची पोहोच जवळपास सारखी असेल आणि मोजत असलेली कृती थोड्याच लोकांनी केलेली असेल, तर ती पुरेशी चालते.

```
फरक > २ × √(पहिला आकडा + दुसरा आकडा)
```

शेअरला लावून पाहू. ३४ आणि १२ यांच्यात फरक २२. बेरीज ४६, तिचं वर्गमूळ साधारण ६.८, दुप्पट १३.६. फरक २२ म्हणजे त्याहून बराच मोठा, तेव्हा शेअरमधली ब ची आघाडी मानायला हरकत नाही. स्टोरीतून निघून गेलेले ९७ आणि ६१ : फरक ३६, बेरीज १५८, वर्गमूळ साधारण १२.६, दुप्पट २५. इथेही ब ची आघाडी टिकते.

सेव्हचे ४८ आणि ३१ : फरक १७, बेरीज ७९, वर्गमूळ साधारण ८.९, दुप्पट १७.८. फरक कसोटीच्या जरा आतच राहिला. म्हणजे अ ला सेव्ह जास्त मिळतात असं ठामपणे म्हणता येत नाही. कदाचित मिळतही असतील, पण हे आकडे तेवढं सांगायला पुरत नाहीत. २.६ आणि १.६ हे दर डोळ्यांना किती लांब वाटतात बघा. म्हणून दर पाहून थांबू नका, मूळ आकडे कसोटीला लावा. एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ९ सेव्ह असतील तर कसोटी लावायचीही गरज नाही, त्यातून काही निघत नाही.

सेव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ब च्या वाचकांत ४२ टक्के लोक तुम्हाला फॉलो न करणारे होते, अ च्या वाचकांत २९ टक्के. लोकांनी पोस्ट एकमेकांना पाठवली की ती अनोळखी लोकांपर्यंत जाते, आणि अनोळखी माणूस वाचतो, मान डोलावतो, पण तुमची पोस्ट जपून ठेवण्याइतका विश्वास त्याने अजून टाकलेला नसतो. त्यामुळे शेअर वाढले की सेव्हचा दर काही प्रमाणात आपोआप उतरतो. तो हुकाचा दोष नसतो. हे पारखायला ४८ तासांचे आकडे कामाला येतात, कारण तोवर पोस्ट बहुतेक फॉलोअर्समध्येच फिरलेली असते. ४८ तासांनी दोघांचे सेव्ह दर सारखे असतील आणि नंतर ब चा उतरला असेल, तर कारण अनोळखी वाचक. सुरुवातीपासूनच ब मागे असेल तर मजकुरात शोधा.

प्रत्येक आकडा काय सांगतो

सेव्ह म्हणजे 'हे मला पुढे लागणार आहे'. भाडेकराराच्या कॅरोसेलमध्ये लोक सेव्ह करतात ते मुद्रांक शुल्काच्या स्लाइडसाठी. एकूण भाड्यावर, अनामत रकमेवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवून, ०.२५ टक्के शुल्क लागतं हे सूत्र कोणी पाठ करत नाही. करार करायच्या दिवशी ते उघडून बघायचं असतं.

शेअर म्हणजे 'हे त्याला कळायला हवं'. वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो : करार न नोंदवता फ्लॅट भाड्याने देणारा मामा, नाहीतर नव्या नोकरीसाठी हिंजवडीला खोली घेणारी बहीण. हुक ब ने तो चेहरा आठवून दिला, 'लक्षात ठेवायच्या ६ गोष्टी' ने नाही. इथे एक मर्यादाही आहे. आपल्याकडे अशी माहिती स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते आणि ते शेअर मोजलेच जात नाहीत. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात खात्याचं नाव असू द्या. आकडा मिळणार नाही, पण वाचक मागे फिरून येऊ शकतो.

स्वाइप एकट्याने काहीच सांगत नाही, तो बाकी दोघांशी जोडून वाचावा लागतो. कव्हरवरून थोडेच लोक गेले, पण सेव्ह आणि शेअर दोन्ही कमी, तर कव्हरने जे कबूल केलं ते आत मिळालं नाही. उलट कव्हरवरच पुष्कळ लोक गेले आणि तरी सेव्ह बरे आहेत, तर आतला माल चांगला आहे आणि कव्हर त्याला झाकून टाकतंय. ही दुसरी स्थिती आनंदाची, कारण फक्त एक ओळ बदलायची असते. पहिल्या स्थितीत हुक सौम्य करण्यापेक्षा दुसरी स्लाइड पुन्हा लिहा.

दुसऱ्या स्लाइडबद्दल हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण पहिल्या वेळी न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तेच कॅरोसेल नंतर पुन्हा दाखवताना कधी कधी थेट दुसरी स्लाइड समोर ठेवतं. त्याच्यासाठी तीच कव्हर असते. तिच्यावर 'चला तर मग सुरू करूया' किंवा नुसता लोगो असेल तर ती संधी वाया गेली. आपल्या कॅरोसेलची दुसरी स्लाइड अशी हवी : 'करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही.' हे कलम ५५ मध्येच आहे, ती एकटी वाचली तरी पूर्ण कळते, आणि कव्हरवरच्या दाव्याचं कारणही देते.

आता ओळ कशी बदलायची

ब जिंकला, म्हणून अ टाकून द्यायचा असं नाही. ब ने माणसं थांबवली आणि पाठवायला लावली. अ ची सेव्हमधली आघाडी सिद्ध झाली नसली तरी ती एक सूचना देते : आत वापरायची माहिती आहे हे आधी कळलं तर लोक जपून ठेवत असावेत. मग तिसरा हुक असा :

हुक क : '११ महिन्यांचा भाडेकरारही नोंदवावाच लागतो', आणि खाली लहान अक्षरांत 'कागदपत्रं आणि खर्चाचा हिशेब आत'

मोठी ओळ जशीच्या तशी ठेवली आहे. दोन्ही हुक एका वाक्यात कोंबून '११ महिन्यांच्या भाडेकरार नोंदणीबद्दल माहीत असायलाच हव्यात अशा ६ गोष्टी' असं काही केलं, तर धक्काही जातो आणि यादीही हरवते. नवख्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

पुढच्या फेरीत क आणि ब समोरासमोर येतात आणि या वेळी बघायचा आकडा एकच, सेव्ह. शेअर आणि कव्हरवरची गळती ब इतकीच राहिली आणि सेव्ह कसोटी ओलांडून वाढले, तर लहान ओळ ठेवा. गळती वाढली तर ती ओळ कव्हरवरून काढून तिसऱ्या स्लाइडच्या डोक्यावर न्या, कारण कव्हरवर ती लक्ष फोडते आहे. तेच कॅरोसेल तिसऱ्यांदा टाकण्याऐवजी ही फेरी दुसऱ्या विषयावर घ्या, म्हणजे वाचक कंटाळत नाहीत. उदाहरणार्थ वीज मीटरचं नाव बदलणं किंवा सोसायटीची ना-हरकत. तिथे एका कव्हरवर नुसता समज मोडणारा दावा ठेवा, दुसऱ्यावर तोच दावा आणि खाली लहान ओळ.

शीटमध्ये प्रत्येक फेरीपुढे हुकाचा प्रकार एका शब्दात लिहून ठेवा : यादी, समज, प्रश्न, नुकसान. एकाच प्रकाराने वेगवेगळ्या विषयांवर कसोटी ओलांडली, की तो तुमच्या वाचकांचा हुक झाला असं धरा आणि चाचणी त्या प्रकाराच्या आत घ्या : '११ महिन्यांचा करारही' की 'ओळखीतला भाडेकरू असला तरी'. दोन फेऱ्यांत दोन प्रकार आलटून पालटून जिंकत असतील तर वाट बघा. खात्याची पोहोच काही शेकड्यांतच असेल तर पोस्टच्या सेव्ह-शेअरवरून काही ठरवायला जाऊ नका, सध्या स्टोरीतल्या गळतीवरच काम करा. गळतीचे आकडे मोठे असतात, त्यामुळे त्यांच्यावर कसोटी लवकर लागते.